फौजेतून पेन्शनवर येतोय: पहिली मिळेल ती नोकरी घेतली तर माजी सैनिक कोटा संपतो का?

कोठार_हवालदार
जय हिंद मंडळी. पायदळाच्या मागे रसद सांभाळणाऱ्यांपैकी मी एक, ट्रेड एसकेटी, म्हणजे सगळी नोकरी स्टोअर आणि लेजरमध्येच गेली. २४ सप्टेंबर २००७ ला भरती झालो, ३१ मार्च २०२६ ला स्वतःच्या विनंतीवरून पेन्शनवर बाहेर पडतोय. जन्म जुलै १९८७. शिक्षण बारावी, आर्मीचं शिक्षण प्रमाणपत्र आहे.

अर्ज तीन ठिकाणी केलेत: केंद्राच्या एका खात्यात एमटीएस, सरकारी बँकांची क्लार्क भरती आणि राज्यातलं एक गट-क पद. सगळे माजी सैनिक कोट्यातून. शिवाय एका खासगी सिक्युरिटी एजन्सीकडून सुपरवायझरसाठी फोन आलाय, ते म्हणतात एप्रिलमध्येच या.

युनिटमधले सगळे एकच सांगतात, पहिली नोकरी विचार करून घे, कारण कोटा एकदाच वापरता येतो. एमटीएसचा निकाल आधी लागला आणि तिथे रुजू झालो तर बँक हातची जाणार का? की सिक्युरिटी धरली तरच जाणार? घरात मुलीची दहावी आहे, सहा महिने रिकामं बसणं परवडत नाही.

गडकरी_पांदण
युनिटवाले बरोबर सांगतायत. एकदा कुठेही नोकरीला लागलात की तुम्ही सिव्हिलियन. मग ना कोटा, ना वयाची सूट. माझा मेहुणा नौदलातून आला, एका कारखान्यात गेटवर लागला आणि नंतर कुठे अर्ज केला नाही, कारण सगळ्यांनी हेच सांगितलं. चांगली नोकरी येईपर्यंत थांबा, एवढंच सांगेन.

सुभेदार_निवृत्त
गडकरी, मेहुण्याला लवकर सांगा, त्यांचा कोटा अजून शाबूत आहे. खासगी कारखान्याच्या गेटवरची नोकरी या हिशोबात धरतच नाहीत.

कोठार_हवालदार साहेब, मी बारा वर्षांपूर्वी बाहेर पडलो, सध्या एका एजन्सीत फील्ड ऑपरेशन बघतो. माझ्या हाताखाली असे पुष्कळ जवान येऊन गेले, जे सिक्युरिटीत काम करता करता परीक्षा देत राहिले आणि पुढे कोट्यातूनच बँकेत किंवा रेल्वेत गेले. खासगी नोकरी किंवा कंत्राटी, कधीही काढून टाकता येईल अशी तात्पुरती नोकरी केल्याने माजी सैनिकाचं आरक्षण जात नाही. ते जातं सरकारी बाजूच्या नियमित नोकरीत रुजू झाल्यावर. म्हणजे तुमचा सुपरवायझरचा फोन हा प्रश्नच नाही, खुशाल घ्या. तिथे काय बघायचं ते सवडीने लिहितो.

फॉर्मवाली_ताई
मी माजी सैनिक नाही, सैनिकाची बायको आहे. गेली काही वर्षं आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचे फॉर्म मीच भरते, त्यामुळे नियम वाचायची सवय लागली. सुभेदार साहेबांच्या पुढचं सांगते.

नियमित सरकारी नोकरीत गेलं की आरक्षण संपतं हे खरं, पण त्याला एक मोठी सवलत आहे. कार्मिक विभागाचं १४ ऑगस्ट २०१४ चं कार्यालयीन ज्ञापन शोधून वाचा, जेमतेम दोन पानांचं आहे. त्यात असं आहे की पहिल्या सरकारी नोकरीत रुजू होण्याच्या आधी ज्या ज्या जागांसाठी तुम्ही अर्ज केले असतील, त्या जागांवर तुमचा माजी सैनिक म्हणून हक्क नंतरही राहतो. मात्र रुजू होताच तुम्ही त्या कार्यालयाला लेखी द्यायचं की मी अमुक तारखेला अमुक पदासाठी अर्ज केला आहे. तारीखवार यादी लागते, मोघम चालत नाही.

तुमचंच उदाहरण घेऊया. समजा एमटीएसचा निकाल आधी लागला आणि तुम्ही जूनमध्ये रुजू झालात. बँकेचा अर्ज तुम्ही त्याआधी केलाय, यादीत लिहून दिलाय. तो निकाल नोव्हेंबरात लागला तरी माजी सैनिक कोट्यातून बँकेत जाऊ शकता. पण जून उलटल्यावर पुढच्या वर्षीची बँक भरती निघाली आणि तिला नव्याने अर्ज केलात, तर तिथे आरक्षण मिळणार नाही. गट-क साठी वयाची सूट मात्र सरकारी नोकरीत गेल्यावरही मिळते. गडकरी यांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, तिथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, रिलीज व्हायच्या आधीच्या वर्षात जेवढे अर्ज करता येतील तेवढे करा. अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून एका वर्षात सुटणार असाल तर नोकरीत असतानाही कोट्यातून अर्ज चालतो, युनिटकडून सुटण्याची तारीख लिहिलेलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

कोठार_हवालदार
ताई, हे आम्हाला रीसेटलमेंटच्या ब्रीफिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं असेल, मी रजेवर असेन. ही यादी कशी लिहायची? साध्या कागदावर?

फॉर्मवाली_ताई
साधा कागद चालतो, पण त्यावरची आवक नोंद महत्त्वाची. जाहिरात क्रमांक, पदाचं नाव, भरती करणारी संस्था, नोंदणी क्रमांक, अर्ज भरल्याची तारीख, असे रकाने करा. प्रत्येक अर्जाची प्रिंट आणि फी भरल्याची पावती मागे जोडा. जाहिरातीची पीडीएफ आजच उतरवून ठेवा. निकाल लागेपर्यंत संकेतस्थळावरून जाहिरात गायब झालेली असते, मग पदाचं नाव नक्की काय होतं यावर वाद.

दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या आणि ती घरी ठेवा. रुजू झाल्याच्या दिवशीच द्या. ज्ञापनात "रुजू होताच" असा अर्थ आहे, सहा महिन्यांनी दिलेली यादी कुणी मान्य करेल याची खात्री नाही.

बिनतारी_नाईक
माझं असंच अडकलंय म्हणून लिहितो. सिग्नल्समधून आलो, एका केंद्रीय कार्यालयात गट-क मध्ये लागलो. यादी दिली होती, पण घेणाऱ्या बाबूने ती फाइलला लावली आणि शिक्का दिला नाही, म्हणाला गरज नाही. आता दुसऱ्या ठिकाणी कागदपत्र तपासणीला गेलो तर ते म्हणतात, तुम्ही आधीच सरकारी नोकरीत आहात, यादी दिल्याचा पुरावा आणा. जुन्या कार्यालयात तो बाबू बदलून गेलाय. माहिती अधिकारात सेवापुस्तकासोबतच्या कागदांची प्रत मागितली आहे. यादी फाइलला असेल तर सुटलो, नाहीतर बघू.

गडकरी_पांदण
बरं, मेहुण्याला आजच सांगतो. पण वय? तो आता त्रेचाळीसचा आहे. बँकेची मर्यादा अठ्ठावीस म्हणतात.

फॉर्मवाली_ताई
दादा, वयातून लष्करातली सेवा वजा करतात. वजा करून आलेलं वय त्या पदाच्या मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त असता कामा नये. कोठार_हवालदारांचं बघा. सुटताना ते ३८ वर्षं ८ महिन्यांचे असतील, सेवा साडेअठरा वर्षं. वजा केलं की उरतात २० वर्षं २ महिने. बँक क्लार्कची मर्यादा २८, अधिक तीन म्हणजे ३१. आरामात बसतात.

यातली मेख अशी की उरलेलं वय म्हणजे भरती झालात तेव्हाचं वय आणि बाहेर पडल्यानंतर गेलेली वर्षं, एवढंच. किती वर्षं फौजेत होतात याने फरक पडत नाही. यांच्याकडे सुटल्यानंतर साधारण दहा वर्षं दहा महिने आहेत. बँकांच्या जाहिरातीत आणखी एक अट असते, प्रत्यक्ष वय पन्नासच्या आत हवं. यांना तीही आड येत नाही, तेव्हा ते साडेएकोणपन्नासचे असतील. ज्या पदाची मर्यादा २५ आहे तिथे मात्र हीच मुदत पावणेआठ वर्षांच्या आसपास. म्हणजे घाई करून चुकीची नोकरी धरावी एवढा वेळ कमी नाही, आणि चार वर्षं घरी बसावं एवढा जास्तही नाही.

मेहुणे किती वर्षांचे असताना भरती झाले ते सांगा, मी काढून देते.

रणगाडा_७२
माझ्या माहितीप्रमाणे पंधरा वर्षं सेवा झाली की माणूस पदवीधर धरतात. मग क्लार्क कशाला, सरळ बँकेत पीओ किंवा आयोगाची परीक्षा द्या की. वयात तर बसताय.

फॉर्मवाली_ताई
अर्धं खरं आहे. दहावी, लष्कराचं शिक्षण प्रमाणपत्र आणि पंधरा वर्षं सेवा असेल तर केंद्राच्या गट-क मधल्या राखीव जागांवर पदवीच्या जागी ते चालतं, तेसुद्धा जिथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची सक्ती नाही अशा पदांना. बँक क्लार्कच्या जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पीओ हे अधिकारी पद, तिथे खरी पदवी लागते. लोकसेवा आयोगालाही खरी पदवी. आमच्या घरातच हे झालं, नवऱ्याने पीओचा फॉर्म जवळजवळ भरला होता. आणि प्रमाणपत्राची तारीख जाहिरातीतल्या तारखेच्या आत हवी, नंतर आणलेलं चालत नाही.

रणगाडा_७२
असेल. आमच्या रेजिमेंटमध्ये एक जण अधिकारी झाला होता, त्याची बाहेरून पदवी असेल मग.

मावशी_सातारकर
माझा भाचा अग्निवीर म्हणून २०२३ च्या सुरुवातीला गेलाय. चार वर्षांनी आला की त्याला पण हा माजी सैनिक कोटा मिळेल ना? त्याचं वय कसं मोजायचं?

सुभेदार_निवृत्त
मावशी, अग्निवीर चार वर्षांनी बाहेर आला तर माजी सैनिक धरला जात नाही, त्यामुळे इथे चाललेलं वय वजा करायचं गणित त्याला लागू नाही. त्याच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये २०२२ मध्ये वेगळं १० टक्के आरक्षण जाहीर झालं होतं, वयात तीन वर्षांची सूट आणि पहिल्या तुकडीला पाच वर्षांची. भाचा पहिल्या तुकडीतला असावा. चौथ्या वर्षाला जे पंचवीस टक्के जवान कायम ठेवतात त्यात तो बसला तर पुढचं सगळं वेगळं. त्याच्यासाठी नवा धागा काढा, इथे दोन्हींची भेळ होईल.

आता हवालदार साहेबांच्या सिक्युरिटीबद्दल. एजन्सीकडे पसारा, म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्याखालचा परवाना आहे का ते आधी विचारा. २००५ च्या त्या कायद्यात माजी सैनिकांना प्राधान्य आहे आणि प्रशिक्षणही कमी लागतं: नवख्याला शंभर तास वर्ग आणि साठ तास मैदान, आपल्याला चाळीस आणि सोळा, किमान सात दिवसांत. कुणी तुमच्याकडून महिनाभराच्या कोर्सचे पैसे मागत असेल तर तिथून निघा.

दुसरं, बोललेल्या पगाराला भुलू नका, पगारपत्रक बघा. बारा तासांची ड्यूटी आठ तासांच्या हजेरीत दाखवणं आमच्या धंद्यात सर्रास चालतं. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा तुमच्याच आकड्यातून कापलाय का, आठवड्याची सुट्टी कोण भरून काढतो, मूळ कंपनीचं कंत्राट कधी संपतं, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर टाळलं तर कंत्राट संपत आलंय असं समजा. पुनर्वसन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या पॅनेलवरच्या एजन्सीत हा त्रास कमी, कारण तिथले दर ठरवून दिलेले असतात आणि बहुतेक जवान माजी सैनिकच लागतात. राज्यात माजी सैनिकांचं महामंडळ मेस्को आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवताना तिथली चौकशी करा.

माल_आवक_जावक
मी फौजी नाही, एका मोठ्या गोदामात माणसं घेतो. धागा कोट्यावर चाललाय, तरी एसकेटी वाचून राहवलं नाही. हवालदार साहेब, तुम्ही सिक्युरिटी सुपरवायझर का होताय? अठरा वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस आम्हाला शोधून मिळत नाही.

कोठार_हवालदार
साहेब, दोन लॉजिस्टिक कंपन्यांना बायोडेटा पाठवला होता. उत्तर नाही.

माल_आवक_जावक
बायोडेटात काय लिहिलंय ते अंदाजाने सांगतो: हवालदार, अमुक युनिट, अमुक कोर्स, ग्रेडिंग, पदकं. बरोबर ना? निवड करणाऱ्या पंचविशीतल्या पोरीला हवालदार म्हणजे पोलीस वाटतो. तिला दिसायला हवं की साठ्यात किती प्रकारच्या वस्तू होत्या, हाताखाली किती माणसं, साठामोजणी किती महिन्यांनी, नोंद आणि प्रत्यक्ष साठ्यात तफावत आली तर ती कशी सोडवली, कालबाह्य होणारा माल आधी बाहेर काढायची पद्धत काय होती. युनिटचं ठिकाण, साहित्याचं नाव, गुप्त काही लिहू नका, त्याची गरजही नसते. "सुटे भाग, सुमारे इतके प्रकार" पुरे.

दोन गोष्टी मात्र तुम्हाला येत नसणार आणि मुलाखतीत तिथेच माणूस पडतो. तुमच्याकडे माल व्हाउचरवर जातो, आमच्याकडे जीएसटी बिलावर. पन्नास हजारांच्या वरचा माल बाहेर जाताना साधारणपणे ई-वे बिल लागतं, राज्यांतर्गत वाहतुकीला काही राज्यांत ही मर्यादा वेगळी आहे. ते कसं काढतात, गाडी वाटेत बंद पडून दुसरी लावली तर त्यात काय बदलतात, हे कुणा ट्रान्सपोर्टवाल्याकडे आठवडाभर बसून शिका. दुसरं, एक्सेल आणि एखादी गोदामाची संगणक प्रणाली. सॅपचं महागडं प्रमाणपत्र घेऊन येऊ नका, एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवून तफावत काढता आली तरी मी घेतो.

एक तक्रार पण सांगतो, राग मानू नका. माजी सैनिक घेतले की पहिले तीन महिने ते प्रत्येक गोष्टीला लेखी आदेश मागतात. रात्री अकराला गाडी आली, साहेब फोन उचलत नाहीत, तर माल उतरवायचा की नाही हे जागेवर ठरवावं लागतं.

सुभेदार_निवृत्त
लेखी आदेश का मागतात माहीत आहे का? तफावत निघाली की फौजेत सही ज्याची त्याच्या पगारातून वसुली. तुमच्याकडे तोंडी सांगून नंतर हात वर करणारे साहेब मी पण पाहिलेत.

माल_आवक_जावक
तेही खरं. आमच्याकडे व्हॉट्सअॅपवर "उतरवू का?" असा मेसेज टाकून ठेवतात, तोच लेखी आदेश. :)

बिनतारी_नाईक
ताई, एक विचारायचं राहिलं. राज्य शासनाच्या नोकरीत आधी रुजू झालो आणि नंतर केंद्राच्या जागेवर जायचं असेल तर २०१४ चं तेच ज्ञापन चालतं का? राज्यातलं कार्यालय म्हणेल हे केंद्राचं पत्र, आम्हाला काय त्याचं.

फॉर्मवाली_ताई
नवी नोकरी केंद्राची असेल तर नियम केंद्राचाच बघतील, म्हणून राज्याच्या कार्यालयाला यादी देऊन शिक्का घ्यावाच. उलट दिशेने, म्हणजे आधी केंद्र आणि मग राज्य, असं असेल तर राज्याचे शासन निर्णय बघावे लागतात आणि तिथे कार्यालयागणिक वेगळं उत्तर ऐकलंय. राज्यात गट-क आणि ड ला १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे अर्ज करणारे खूप. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घेतलेलं कुणी आहे का इथे? असेल तर टाका.

रणगाडा_७२
मी तोंडी विचारलं होतं, ते म्हणाले जाहिरातीत जे असेल ते.

कोठार_हवालदार
सगळ्यांचे आभार. आज हे ठरवलंय. सिक्युरिटीवाल्यांना पगारपत्रकाचा नमुना मागितला, तो अजून आला नाही. माल_आवक_जावक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे बायोडेटा नव्याने लिहायला घेतलाय, साठामोजणीचे आकडे आठवतायत, पण कुठले लिहायला हरकत नाही ते हेड क्लार्कला विचारून घेतो. अर्जांची यादी वहीत केली. त्यात एक अडचण दिसली: राज्यातल्या अर्जाची प्रिंट माझ्याकडे नाही, फक्त फी कापल्याचा बँकेचा मेसेज आहे. संकेतस्थळावर लॉगिन होत नाही, पासवर्ड विसरलोय आणि ओटीपी जुन्या पोस्टिंगच्या नंबरवर जातो, तो बंद झालाय. बँकेचं स्टेटमेंट पुरावा म्हणून चालेल का?

फॉर्मवाली_ताई
स्टेटमेंटवरून पैसे गेल्याची तारीख दिसते, पद दिसत नाही. नोंदणी करताना ईमेलवर क्रमांक येतो, तो शोधा, स्पॅममध्ये पण बघा. मदत कक्षाला जन्मतारीख आणि फीचा व्यवहार क्रमांक देऊन नंबर बदलून मागा. आणि हे मार्चच्या आत करा, युनिटमध्ये आहात तोवर ओळखपत्राच्या प्रतीवर सीओंची सही मिळणं सोपं आहे.

गडकरी_पांदण
ताई, मेहुणा एकोणीस वर्षं चार महिन्यांचा असताना भरती झाला, पंधरा वर्षं केली. आता सुटून जवळपास नऊ वर्षं होत आली.

फॉर्मवाली_ताई
म्हणजे वजा करून अठ्ठावीसच्या थोडं पुढे. २८ मर्यादेच्या बँकेत अजून बसतात, पण दोन-तीन वर्षंच. २५ मर्यादेची पदं मात्र गेली. आर्मीसारखं नौदलाचं शिक्षण प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे का ते आधी विचारा, आणि पंधरा वर्षं दिवस मोजून पूर्ण झालीत ना ते डिस्चार्ज बुकात बघा. चौदा वर्षं अकरा महिने असतील तर पदवीची सूट नाही.

गडकरी_पांदण
फोन लावतोय.